‘आपण रुजू झालो’: एका मानपत्राची दुरुस्ती

आधी मजकूर बघा, मग बोलू. जळगावात आमचं डीटीपी आणि छपाईचं काम आहे, पत्रिका, पावतीबुकं, दशक्रियेची कार्डं आणि शाळा-कॉलेजची मानपत्रं हे रोजचंच. सुरत लाईनवरच्या एका गावातल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी रिटायर होणाऱ्या बाईंसाठी मानपत्र करायला दिलं होतं. मजकूर मोबाईलवरच्या एआय ॲपमधून काढलेला होता, हे त्या पोराने स्वतःच सांगितलं, लपवायचं काही कारणही नव्हतं. त्यातला मधला भाग असा, जसा आला तसा:

‘आदरणीय बाई, आपण १९९२ मध्ये आमच्या शाळेमध्ये गणित शिक्षिका म्हणून रुजू झालो. तेव्हा शाळाची इमारत फक्त चार खोलीचा होता. मूळ पारोळाच्या असलेल्या आपण रोज जळगावपासून पॅसेंजरने येत होती. तुम्ही वर्गणी गोळा करून ग्रंथालय उभारला आणि मुलींना वसतिगृहात राहण्यासाठी प्रेरित केल्या. शाळा सुटल्यावरही मुलांना पुष्कळ वेळ दिली. बाईने कधीही स्वतःच्या तब्येतची पर्वा केला नाही. तिच्या शिकवणीने अनेक मुले डॉक्टर, इंजिनीअर झाले. बाईंचे पती, जे स्वतः शिक्षक होता, यांनीही मोलाची साथ दिली.’

पोरगं म्हणे, ‘काका, मजकूर फायनल आहे, तुम्ही फक्त बॉर्डर आणि फॉन्टचं बघा.’ मी म्हटलं, ‘अरे, एकदा मोठ्याने वाच बरं.’ पहिल्याच ओळीला थांबला. कारण ‘आपण रुजू झालो’ हे तोंडाने म्हटलं की लगेच प्रश्न पडतो, आपण म्हणजे कोण, बाई आणि आम्ही पोरं सगळे मिळून गणित शिकवायला रुजू झालो का?

इथेच खरी गोम आहे म्हणून इथे जरा थांबतो. मराठीत ‘आपण’ दोन ठिकाणी राबतो. एक म्हणजे ‘चला, आपण जाऊ’ वाला, ज्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघं येतात, आणि दुसरा म्हणजे ‘आपण कधी आलात?’ वाला, जो तुम्हीच्याही वरचा मान आहे. लिहिताना शब्द एकच, फरक फक्त क्रियापदात दिसतो, ‘झालो’ की ‘झालात’. मानपत्रासारख्या मजकुरात हा ‘त’ सगळा भार उचलतो. माणूस कितीही घाईत असला, शुद्धलेखन कितीही कच्चं असलं तरी समोरच्या बाईंना उद्देशून ‘आपण रुजू झालो’ असं लिहिणार नाही, कारण त्याच्या डोळ्यासमोर बाई उभ्या असतात आणि तो मनातल्या मनात त्यांच्याशी बोलत असतो. मशीनच्या समोर कोणी उभं नसतं. त्याने ‘आपण’नंतर काय काय येतं ते लाखो वाक्यांत पाहिलेलं असतं आणि त्यात ‘आपण गेलो, आपण आलो’ हेही भरपूर असतं, म्हणून मग तेच बसतं. हा माझा अंदाज आहे, पण मजकूर बघून बघून झालेला अंदाज आहे.

आता पुढे बघा, मानाची पायरी कशी घसरत जाते ती. पहिल्या वाक्यात ‘आपण’, चौथ्यात ‘तुम्ही’, मग एकदम ‘बाईने’, म्हणजे समोर बसलेल्या बाईंबद्दल तिसऱ्याच कुणाला सांगितल्यासारखं, आणि त्यातही एकेरी. मग ‘तिच्या’. आणि त्याच्याच पुढच्या वाक्यात परत ‘बाईंचे पती’, म्हणजे मान परत आला. एका परिच्छेदात चार पायऱ्या. सुरुवातीचं संबोधन बहुतेक वेळा बरोबर असतं, कारण ‘आदरणीय’ लिहिल्यावर पुढे काय हे सोपं असतं, पण दोनतीन वाक्यं गेली की ती पकड सुटते आणि जवळच्या शब्दावरून क्रियापद बनायला लागतं. म्हणून मी असा मजकूर आला की सुरुवात बघतच नाही, सरळ मधल्या वाक्यापासून वाचायला घेतो.

‘बाईने’ आणि ‘बाईंनी’चा फरक तर छपाईवाल्याला पाठच पाहिजे. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांत हे स्वच्छ दिलंय की अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय लावताना अनुस्वार द्यायचा आणि आदरार्थी बहुवचनालाही तसाच द्यायचा. म्हणून बाईंनी, सरांना, आजोबांचा. एकेरीला ‘ने’, मानाला ‘नी’. मधलाच एक प्रकार हल्ली दिसतो, ‘बाईंने’, ‘सरांने’, म्हणजे अनुस्वार मानाचा आणि प्रत्यय एकेरी. हे मात्र माणसंही सर्रास करतात, त्यामुळे एवढ्यावरून कोणी लिहिलंय हे सांगू नका. कोणत्याही शाळेचा फळा बघा, सापडेल.

माजी विद्यार्थ्यांच्या कमिटीत थोडा वाद झाला तो वेगळाच. कोणी म्हणे आम्ही बाईंना आयुष्यभर ‘तुम्ही’ म्हणत आलो, आता ‘आपण’ म्हटलं तर कलेक्टरला निवेदन दिल्यासारखं वाटतं. मुद्दा खोटा नाही. आपल्याकडे घरात, वाड्यात ‘आपण’ म्हणून कोणी कोणाशी बोलत नाही, मोठ्यांनाही ‘तुम्ही’ पुरतं आणि आईला तर ‘तू’च. पण मानपत्र स्टेजवर, माईकवर वाचायचं असतं, त्याची रीत ‘आपण’चीच. शेवटी ठरलं की ‘आपण’ ठेवायचं, मात्र एकदा ठेवलं की शेवटच्या ओळीपर्यंत तेच, मधे ‘तुम्ही’ नाही आणि ‘बाईंनी’ही नाही.

याचा एक फायदा असा झाला की निम्मी लिंगाची भानगड आपोआप मिटली. ‘त्या रुजू झाल्या’ आणि ‘ते रुजू झाले’ हे वेगळं पडतं, पण ‘आपण रुजू झालात’ हे सरांनाही चालतं आणि बाईंनाही. ‘येत होती’चं ‘येत होतात’ झालं की एकेरीपण पण गेलं.

उरलेल्या बऱ्याच चुका मात्र मिटत नाहीत कारण त्या कर्त्याच्या नाहीतच, कर्माच्या आहेत. ‘तुम्ही ग्रंथालय उभारला.’ भूतकाळात, सकर्मक क्रियापद असलं की मराठीत क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं. रामाने पोळी खाल्ली, सीतेने आंबा खाल्ला. हे सगळ्यांना येतं. पण मी, तू, आम्ही, तुम्ही आणि आपण यांना तो ‘ने’ दिसतच नाही, म्हणजे खूण लपलेली असते पण नियम तोच राहतो. ‘आपण ग्रंथालय उभारलंत’, कारण ग्रंथालय हे नपुंसकलिंगी. ‘त’ आला मानासाठी आणि ‘लं’ आलं ग्रंथालयासाठी, एकाच क्रियापदावर दोघांचा हक्क. इथे ‘उभारलं’ एवढंच लिहिलं तरी चालतं, त्याला कोणी चूक म्हणणार नाही, पण ‘रुजू झालात’मधला ‘त’ काढता येत नाही.

‘पर्वा केला नाही’ हे त्याच घरातलं. पर्वा स्त्रीलिंगी आहे, शेवटी आकार आहे म्हणून पुल्लिंगी वाटला असणार. ‘इमारत चार खोलीचा होता’ मध्ये तर इमारत कुठे आणि ‘होता’ कुठे, मधे फक्त ‘फक्त चार खोलीचा’ एवढंच आलंय आणि तेवढ्यात धागा तुटला.

सगळ्यात जास्त मार नपुंसकलिंग खातं. हिंदीत नपुंसक नाहीच आणि इंग्रजीत टेबल-खुर्चीला लिंगच नाही, आणि लिपी हिंदीची-मराठीची एकच, मजकूर हिंदीचा कितीतरी जास्त, त्यामुळे मशीनकडे नपुंसकाचं बळ कमी पडतं असं दिसतं. म्हणून ‘ग्रंथालय उभारला’, ‘मैदान मोठा होता’, ‘नाव मोठा केला’ अशी वाक्यं येतात. तुम्हाला एखादा मजकूर संशयास्पद वाटला तर पहिल्यांदा त्यातली नपुंसकलिंगी नामं शोधा, बाकी नंतर.

पण खानदेशात इथे एक सावधगिरी लागते. ‘अनेक मुले डॉक्टर झाले’ यावर मी लाल पेन मारला पण ही मशीनचीच चूक असं म्हणणार नाही. प्रमाण मराठीत ‘मुलं झाली’, ‘पोरं आली’. आपल्याकडे मात्र ‘पोरं आले’, ‘कामं झाले’ हे रोजचं बोलणं आहे. चोपड्याच्या बाजारात उभं राहून ऐका. हे अज्ञान नाही, ती इथली चाल आहे, आणि तिला नियम आहे, ती दर वेळी तशीच येते. तसंच ‘मी येऊ राहिलो’, ‘काय करू राहिले?’ किंवा अहिराणी बोलणाऱ्याच्या लिखाणात चुकून उतरलेलं ‘माले’, ‘तुले’. अहिराणीत ‘मना भाऊ’, ‘मनी माय’, म्हणजे प्रत्यय वेगळा पण लिंगाचा मेळ तिथेही पक्का. माणसाची चूक एका बाजूला झुकलेली असते, दर वेळी त्याच बाजूला. मशीनची चूक अशी की एका वाक्यात ‘इमारत होता’ आणि त्याच मजकुरात खाली ‘साथ दिली’ अगदी बरोबर. माणसामाणसांत फरक असतो हे खरं, पण इमारत पुल्लिंगी मानणारा माणूस आपल्या साऱ्या लिखाणात ती पुल्लिंगीच मानेल, सोयीप्रमाणे बदलणार नाही.

आता ‘मुलींना प्रेरित केल्या’. हे वाक्य मला फार बोलकं वाटतं. मुली अनेकवचनी, स्त्रीलिंगी, म्हणून ‘केल्या’. दिसायला मेळ बसलाय. पण मुलींना ‘ना’ लागलाय, आणि कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला की त्याचा क्रियापदावरचा हक्क संपतो. मग क्रियापद कोणाचंच राहत नाही, सरळ नपुंसक एकवचनात जातं, ‘मुलींना तयार केलं’. ‘बाईंनी मुली घडवल्या’ बरोबर, ‘बाईंनी मुलींना घडवलं’ बरोबर, ‘मुलींना घडवल्या’ चूक.

लेखी मराठीत ही चूक अर्धी झाकली जाते, त्याचं कारण म्हणजे ‘ले’. लिहिताना आपण ‘केलं’ला ‘केले’ लिहितो आणि अनेकवचनी पुल्लिंगालाही ‘केले’च. ‘त्यांनी विद्यार्थ्यांना घडवले’ हे वाचताना विद्यार्थी अनेक म्हणून ‘घडवले’ असं वाटतं, पण ते खरं ‘घडवलं’ आहे. म्हणजे मशीनने चुकून विद्यार्थ्यांशी मेळ जुळवला तरी लेखी रूप बरोबरच दिसणार. म्हणून माझी तपासायची पद्धत अशी की मजकूर आधी बोलीत फिरवायचा. प्रत्येक ‘ले’ तोंडाने म्हणून बघायचा, ‘लं’ होतोय का ‘ले’च राहतोय. ‘सत्कार केले’ असं कुठे असलं तर बोलीत लगेच अडतं, एक सत्कार असेल तर ‘केला’ पाहिजे. बोलीत लिहिलेला मशीनचा मजकूर म्हणूनच लवकर पकडला जातो, कारण तिथे लपायला ‘ले’ नसतो.

‘पुष्कळ वेळ दिली’ यात अजून एक मजा. वेळ दोन्ही लिंगांत चालतो, पण वाटेल तसा नाही. घड्याळातली नेमकी वेळ स्त्रीलिंगी, ‘गाडीची वेळ झाली’. लांबी मोजायची असली की पुल्लिंगी, ‘बराच वेळ लागला’. म्हणून ‘पुष्कळ वेळ दिला’. शब्दकोशात बघून हे सुटत नाही, वाक्याचा अर्थ बघावा लागतो. पॅसेंजरने ये-जा करणाऱ्याला मात्र विचार करावा लागत नाही, गाडीची वेळ झाली तरी गाडी बराच वेळ येत नाही हे तो रोजच म्हणतो.

प्रत्ययाकडे येऊ. ‘शाळाची’, ‘तब्येतची’, ‘पारोळाच्या’. सगळीकडे प्रत्यय बरोबर निवडलाय, पण तो लावण्याआधी नामाचं रूप बदलायचं राहून गेलंय, ज्याला शाळेत सामान्यरूप शिकवतात. ‘शाळाची’सारखी ढोबळ चूक हल्ली कमी दिसते, कारण शाळेची, शाळेत हे शब्द सगळीकडे असतात. जरा कमी वापरातले शब्द घ्या की तिथे सापडतं. व्यंजनाने संपणारी स्त्रीलिंगी नामं तर दोन तऱ्हेची, ‘वीट’चं ‘विटेला’ पण ‘भिंत’चं ‘भिंतीला’. हे कसं ओळखायचं तर अनेकवचन करून बघायचं. विटा होत असेल तर ‘ए’, भिंती होत असेल तर ‘ई’. वाटा, वाटेला. इमारती, इमारतीला. तब्येती, म्हणून तब्येतीची. हा ठोकताळा मी नव्या ऑपरेटर पोरांना पहिल्या आठवड्यात सांगून टाकतो.

आणि गावांची नावं! बाहेरचा मजकूर आणि गावचा मजकूर यातला फरक मला इथे सगळ्यात लवकर कळतो. जळगावला, भुसावळला, अमळनेरला, यावलला, एरंडोलला, यात काही बदलत नाही. पण धुळे असेल तर धुळ्याला, पारोळा असेल तर पारोळ्याला, चोपड्याला, पाचोऱ्याला, शहाद्याला. ‘धुळेमध्ये’, ‘चोपडाला’, ‘पारोळाच्या’ असं इथला माणूस बोलत नाही. सरकारी कागदात ‘धुळे येथे’ लिहितात, त्यात ही अडचणच येत नाही, आणि मला वाटतं मशीनने गावाचं मूळ रूप असंच जास्त वाचलेलं असतं, म्हणून ते नावाला हात न लावता पुढे प्रत्यय चिकटवून मोकळं होतं.

‘जळगावपासून येत होती’ हे व्याकरणात बसतं, पण बोलण्यात नाही. ‘पासून’ हे अंतर मोजायला किंवा सुरुवात सांगायला, ‘जळगावपासून किती लांब?’, ‘सोमवारपासून परीक्षा’. माणूस येतो तो ‘जळगावहून’ येतो, किंवा इथल्या बोलीत ‘जळगाववरून’. याला मी सरळ चूक म्हणणार नाही, पण अशी चारपाच वाक्यं एका पानावर आली की पान परकं वाटायला लागतं.

आता ती ‘शिकवणीने’. ‘तिच्या शिकवणीने अनेक मुले डॉक्टर झाले.’ मशीनच्या मनात शिकवण असणार, म्हणजे संस्कार वगैरे. पण शिकवणचं सामान्यरूप शिकवणी आणि शिकवणी म्हणजे ट्यूशन, तिचंही रूप शिकवणीच. मग स्टेजवर वाचलं जाणार की बाईंच्या ट्यूशनमुळे पोरं डॉक्टर झाली. ज्या बाईंनी शाळा सुटल्यावर फुकट शिकवलं त्यांच्या मानपत्रात हे! प्रत्यय बरोबर, रूप बरोबर, लिंगही बरोबर, तरी वाक्य गेलं. असली जागा कुठल्याही शुद्धलेखन तपासणीत सापडत नाही. आम्ही ते ‘आपल्या हाताखाली शिकलेली कितीतरी मुले’ असं केलं.

‘बाईंचे पती, जे स्वतः शिक्षक होता’ यात ‘जे’ मानाचा आणि ‘होता’ एकेरी, ते तर दिसतंच. नुसतं ‘होते’ करून भागलं असतं, पण वाक्याची चालच मराठी नाही. पोराने सुचवलं, ‘स्वतः शिक्षक असलेल्या बाईंच्या पतींनी’ असं करू का. तर त्यात शिक्षक कोण तेच कळेना, बाई का पती. मग दोन वाक्यं केली.

शेवटी फ्रेममध्ये गेलेला मजकूर असा:

‘आदरणीय बाई, आपण १९९२ साली गणिताच्या शिक्षिका म्हणून आमच्या शाळेत रुजू झालात. तेव्हा शाळेची इमारत जेमतेम चार खोल्यांची होती. माहेर पारोळ्याचे, घर जळगावात. रोज जळगावहून पॅसेंजरने आपण येत होतात. वर्गणी गोळा करून आपण ग्रंथालय उभारलेत आणि वसतिगृहात राहून शिकायला मुलींना तयार केलेत. शाळा सुटल्यावरही मुलांना पुष्कळ वेळ दिलात. तब्येतीची पर्वा कधी केली नाहीत. आपल्या हाताखाली शिकलेली कितीतरी मुले आज डॉक्टर, इंजिनीअर झाली आहेत. आपले यजमान स्वतः शिक्षक होते. त्यांचीही मोलाची साथ आपल्याला लाभली.’

‘माहेर पारोळ्याचे’ हे आम्ही मनाने नाही घातलं, कमिटीतल्या एका ताईने फोन करून विचारून घेतलं, कारण मूळ मजकुरातल्या ‘मूळ पारोळाच्या’वरून माहेर का सासर ते कळत नव्हतं.

हे सगळं एका मजकुरात एवढं ढळढळीत सापडलं म्हणून लिहिलं, दर वेळी असं नसतं. हल्ली येणाऱ्या मजकुरात ‘शाळाची’, ‘इमारत होता’ हे पुष्कळदा नसतंच, आणि मग लोक म्हणतात झालं, शुद्ध आहे. अशा वेळी मी दोनच गोष्टी बघतो. एक, मानाची पायरी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तीच आहे का. दुसरी, ‘ला-ना’ लागलेल्या कर्मापुढचं क्रियापद. आणि या दोन्हीत काही सापडलं तरी त्यावरून ‘हे मशीनने लिहिलंय’ असा शिक्का कोणावर मारू नये, हिंदी मीडियममध्ये शिकलेला पोरगा किंवा गुजराती घरातला दुकानदारही लिंगात अडखळतो. छापायच्या आधी दुरुस्त करायचं एवढंच आपलं काम. त्या पोराला मी मूळ आणि दुरुस्त दोन्ही प्रिंट दिल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे एका सरांचा निरोप समारंभ आहे आणि तो मजकूर म्हणे तो स्वतः लिहिणार आहे, ‘पोरं आले’ म्हणूनच.